अर्धवेतनी रजा आणि परिवर्तित रजा : 2006 नंतर बदललेलं गणित

आजारपणासाठी रजा मागताना सरकारी कार्यालयात बहुतेकांना एकच सल्ला मिळतो : वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा आणि परिवर्तित रजा घ्या. ही रजा अर्धवेतनी रजेच्या शिल्लकीतून जाते. तो सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. पण ज्या काळात तो रुळला त्या काळात निवृत्तीच्या वेळी अर्धवेतनी रजेला फारशी किंमत नव्हती. ती आता आली आहे, आणि सल्ला मात्र जुनाच राहिला आहे.

1922 पासूनच्या मूलभूत नियमांत रजा सरासरी वेतनावर आणि निम्म्या सरासरी वेतनावर मोजली जाई. 1933 च्या सुधारित नियमांत खासगी कामासाठीची आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावरची अशा रजा वेगळ्या झाल्या. पुढे त्यांच्या जागी अर्धवेतनी आणि परिवर्तित रजेची आजची जोडी आली आणि 1 जून 1972 पासून लागू झालेल्या केंद्रीय रजा नियमांत ती पक्की झाली. महाराष्ट्राच्या 1981 च्या नियमांत नियम 60 आणि 61 मध्ये हीच जोडी आहे. मात्र रोखीकरणाच्या तरतुदी राज्याच्या स्वतंत्र आहेत, म्हणून पुढचा हिशेब केंद्रीय नियमांचा समजावा.

परिवर्तित रजेचं स्वतंत्र खातंच नाही. जमा होते ती अर्धवेतनी रजा, जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला दहा-दहा दिवस. त्या शिल्लकीतले दोन दिवस देऊन पूर्ण पगाराचा एक दिवस घेणं म्हणजे परिवर्तित रजा. खात्यावर 84 दिवस असतील तर परिवर्तित रजा जास्तीत जास्त 42 दिवस मिळते. ती एरवी वैद्यकीय प्रमाणपत्रावरच मिळते (मान्य अभ्यासक्रमाचा अपवाद सोडून). अर्धवेतनी रजेला कारण वैद्यकीयच असावं अशी अट नाही, खासगी कामासाठीही ती मागता येते. तिच्यात वेतन निम्मं आणि त्यावरचा महागाई भत्ताही निम्मा मिळतो. घरभाडे भत्ता मात्र पहिल्या 180 दिवसांपर्यंत पूर्वीच्याच दराने चालू राहतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

आता मुख्य मुद्दा. निवृत्तीच्या वेळी अर्जित रजेचं रोखीकरण 300 दिवसांपर्यंत होतं. अर्जित रजा कमी पडली तर उरलेले दिवस अर्धवेतनी रजेने भरता येतात. ही सोय आधीही होती, पण अर्धवेतनी रजेच्या रकमेतून निवृत्तिवेतन आणि उपदानाची निवृत्तिवेतनात मोजलेली रक्कम वजा केली जाई. निवृत्तिवेतन स्वतःच पगाराच्या निम्म्यापर्यंत असल्याने निम्म्या पगाराच्या रकमेतून ते गेल्यावर हातात नाममात्र उरत असे. म्हणून लोकांनी अर्धवेतनी रजा आजारपणात दुपटीने खर्च केली, आणि ते शहाणपणाचंच होतं. वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर 1 जानेवारी 2006 पासून ही वजावट काढून टाकली गेली. सोबत एक अट राहिली : अर्जित रजेची तूट भरून काढण्यासाठी अर्धवेतनी रजा परिवर्तित करून घेता येणार नाही, पैसे निम्म्याच दराने मिळतील. माझ्या मते या जोडीच्या इतिहासात याहून मोठा निर्णय झालेला नाही, आणि कर्मचाऱ्यांपर्यंत तो सर्वांत कमी पोहोचला आहे.

उदाहरण घेऊ. वेतन 60,000 रुपये, महागाई भत्ता हिशेबापुरता 50 टक्के, म्हणजे मिळून 90,000. पूर्ण पगाराचा दिवस 3,000 रुपयांचा, निम्म्या पगाराचा 1,500 चा. निवृत्तीला वर्ष राहिलेलं आहे, अर्जित रजा 220 दिवस शिल्लक आणि अर्धवेतनी 200. शस्त्रक्रियेसाठी 60 दिवस हवे आहेत. नवी जमा होणारी रजा आणि पगारवाढ सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

परिवर्तित रजा घेतली तर 120 अर्धवेतनी दिवस जातात आणि 80 उरतात. अर्जित रजेची तूट 80 दिवसांचीच आहे, ती पूर्ण भरते. रोखीकरण 6,60,000 अधिक 1,20,000, म्हणजे 7,80,000, आणि रजेच्या काळातला पूर्ण पगार वेगळा. अर्जित रजा वापरली तर ती 160 वर येते. मग 140 दिवस अर्धवेतनीतून भरावे लागतात आणि रक्कम 6,90,000 होते, म्हणजे 90,000 कमी. अर्धवेतनी रजाच घेतली तर रोखीकरण 7,80,000 राहतं, पण दोन महिन्यांचा निम्मा पगार, म्हणजे तेवढेच 90,000, बुडतात. इथे परिवर्तित रजेला तोड नाही.

आता फक्त एक आकडा बदला : अर्धवेतनी शिल्लक 200 ऐवजी 120. परिवर्तित घेतली तर खातं शून्य होतं आणि रोखीकरण 6,60,000 होतं. अर्जित वापरली तर 4,80,000 अधिक 1,80,000, पुन्हा 6,60,000. अर्धवेतनी घेतली तर रोखीकरण 7,50,000 होतं, पण पगारात 90,000 कमी मिळतात. रजेचा पगार धरून तिन्ही वाटांची बेरीज 8,40,000 येते. म्हणजे अर्धवेतनी शिल्लक 300 च्या मर्यादेत पूर्णपणे बसणार असेल, तर परिवर्तित रजेत फुकट काहीच मिळत नाही, पुढचे पैसे आज घेतले जातात एवढंच. तुटीपेक्षा शिल्लक जास्त असेल तरच जास्तीचे दिवस निवृत्तीच्या दिवशी वाया जातात आणि ते आधीच परिवर्तित करून वापरणं शहाणपणाचं ठरतं. दीर्घ सेवेत जे क्वचितच आजारी पडतात त्यांची शिल्लक सहज शेकड्यांत जाते, म्हणून त्यांना जुना सल्ला आजही लागू पडतो. अर्जित रजा 300 वर पोहोचली असेल तर सहामाहीचे 15 दिवस वेगळे दाखवले जातात आणि त्या सहामाहीत न वापरल्यास बुडतात. आधी ते वापरावेत, मग परिवर्तित रजेला हात लावावा.

अर्धवेतनी रजा मागणं शहाणपणाचं कधी? प्रमाणपत्र मिळण्यासारखं कारण नसेल तेव्हा, आणि शिल्लक कमी पण गरज लांबलचक असेल तेव्हा. त्या 84 दिवसांत पूर्ण पगाराचे 42 दिवस आहेत, निम्म्या पगाराचे 84. तीन महिने घरी राहावंच लागणार असेल आणि अर्जित रजा संपली असेल, तर 42 नंतर बिनपगारी असाधारण रजेची पाळी येते.

तिसरा प्रसंग सर्वांत महागात पडतो. परिवर्तित रजा मंजूर करताना कर्मचारी कामावर परत येण्याची वाजवी शक्यता आहे, अशी मंजुरी देणाऱ्याची खात्री व्हावी लागते. परिवर्तित रजेवर असतानाच, हजर न होता, राजीनामा दिला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर ती रजा अर्धवेतनी समजली जाते आणि पगारातला फरक वसूल होतो. वरच्या 60 दिवसांचे 90,000. पुढच्या सेवेसाठी कायमची असमर्थता आणणारा आजार किंवा मृत्यू असेल तर वसुली होत नाही. नोकरी सोडण्याचा विचार मनात असेल तर पहिल्यापासून अर्धवेतनी रजाच मागावी.

अर्जात रजेचा प्रकार स्वतः लिहावा. देय असलेला आणि मागितलेला प्रकार कार्यालय आपल्या मनाने बदलू शकत नाही, त्यासाठी लेखी विनंती लागते. नंतर प्रकार बदलून हवा असेल, तर हजर झाल्यापासून 30 दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो, आणि तरीही तो हक्क ठरत नाही.