तोंडी कामावरून काढल्याची लेखी नोंद

कामावरून कमी करताना मालक किंवा सुपरवायझर नुसतं तोंडाने सांगतो, "उद्यापासून येऊ नको". मग ते कधी सांगितलं, कुणी सांगितलं आणि कारण काय दिलं हे पत्रातून किंवा ईमेलने कागदावर आणायचं, त्याला ही नोंद म्हणतात. खरं तर हे काम मालकाचं. पण लहान वर्कशॉप, दुकानं, ठेकेदारांकडे पत्र सहसा मिळत नाही, त्यामुळे ते बहुतेकदा कामगारालाच करावं लागतं, आणि या लेखाचा मुख्य भाग तोच आहे.

नोंद लागते कशाला, तर नंतरच्या वादात मालकाचं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो आणि गैरहजेरी मात्र हजेरीपटावर दिसते, म्हणजे कागदावर बघितलं तर मालकच खरा वाटतो. काम सोडलं असं म्हणायला कामगाराचा सोडण्याचा इरादा दिसायला हवा, हे कोर्टांनी बऱ्याचदा सांगितलंय, पण इरादा दाखवायलाही काहीतरी कागद लागतोच ना.

एक उदाहरण घेऊ. समजा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये एक सीएनसी ऑपरेटर 6 वर्षं काम करतोय, पगार 22,000. शनिवार 10 जानेवारी 2026 ला संध्याकाळी साडेपाचला सुपरवायझर मशीनपाशी येऊन म्हणतो, "सोमवारपासून येऊ नको, ऑर्डर नाहीत, साहेबांनी सांगितलंय". पत्र नाही, हिशोब नाही. त्याच रात्री तो सुपरवायझरला आणि ऑफिसच्या नंबरवर व्हॉट्सॲप करतो: "सर, आज साडेपाच वाजता तुम्ही मला ऑर्डर नाहीत म्हणून सोमवारपासून कामावर येऊ नको असं सांगितलं. हे कायमचं आहे का ते कळवा, आणि लेखी द्या." सोमवारी तो तरीही गेटवर जातो, वॉचमन आत सोडत नाही. तेव्हाची वेळ तो लिहून ठेवतो आणि त्याच दिवशी कंपनीच्या पत्त्यावर पत्र पाठवतो:

"दि. 10 जानेवारी 2026 रोजी सायं. 5.30 च्या सुमारास सुपरवायझर यांनी ऑर्डर नसल्याचे कारण सांगून मला कामावरून तोंडी कमी केले. दि. 12 रोजी सकाळी 8.00 वाजता मी हजर झालो असता गेटवर अडवण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही व कामावर येण्यास तयार आहे. कमी केल्याचा आदेश, तारीख व कारण लेखी द्यावे."

पत्र एवढंच. कायद्याची कलमं, धमक्या, सहा वर्षांची गाऱ्हाणी यातलं काहीही घालायचं नाही. सगळ्यात वजनदार वाक्य म्हणजे "राजीनामा दिलेला नाही व कामावर येण्यास तयार आहे", कारण काम सोडून गेल्याचा आरोप तिथेच अडतो. आणि "ऑर्डर नसल्याचे कारण" हे शब्दही उगाच नाहीत. काम नाही म्हणून कमी केलं तर ती कामगारकपात होते, त्यात लेखी कारणासकट एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांची भरपाई असते. या माणसाचा हिशोब नोटिशीचे 22,000 आणि अर्ध्या पगाराने 11,000 गुणिले 6 म्हणजे 66,000, एकूण 88,000. ग्रॅच्युइटी वेगळी. तेच कारण महिनाभराने "विनापरवाना गैरहजर" असं बदललं तर मालक म्हणणार यातला एक रुपयाही लागत नाही. म्हणून कारण त्याच दिवशी, सांगितलं त्याच शब्दात लिहायचं.

तारखेवर तर सगळी मुदतच लटकलेली असते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात काढल्यापासून 3 वर्षांत थेट अर्ज करता यायचा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती मुदत 2 वर्षं झाली. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात तक्रारीला 90 दिवसच मिळतात. शिवाय वेतन संहितेनुसार काढल्यावर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, मग ते दोन दिवस कधीपासून मोजायचे हा प्रश्न आलाच.

पाठवणं हीसुद्धा एक कला आहे. जुनी माणसं "रजिस्टर एडी कर" म्हणतात, पण 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं, त्यामुळे आता स्पीड पोस्टने पाठवून पोहोच मागायची. पत्राची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती एकत्र पिन करून ठेवायची, ट्रॅकिंगचं पान लगेच सेव्ह करायचं. लिफाफा "घेण्यास नकार" शेरा मारून परत आला तर फोडायचा नाही, तसाच ठेवायचा, बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र पोचलं असंच कोर्ट सहसा धरून चालतं. लिफाफ्यात कोरा कागद होता असंही काही मालक म्हणतात, म्हणून तोच मजकूर ईमेलनेही टाकलेला बरा. व्हॉट्सॲपचा नुसता स्क्रीनशॉट कच्चा पुरावा, मूळ चॅट असलेला फोन विकू नका आणि चॅट डिलीट करू नका.

फसायची जागा म्हणजे हिशोबाचा दिवस. "चेक तयार आहे, इथे सही कर" म्हणून समोर येतो तो कागद कधीकधी राजीनामा असतो आणि त्यावर तारीख 10 जानेवारीच्या आधीची असते. सही करायचीच झाली तर खाली आपल्या हाताने आजची तारीख आणि "रक्कम मिळाली, हक्क राखून" असं लिहावं. मालकाने मागची तारीख टाकून पाठवलेलं पत्र ओळखणंही तसं अवघड नसतं. पत्रावर 5 जानेवारी, लिफाफ्यावर शिक्का 27 चा, आणि पंचिंग मशीनवर माणूस 10 तारखेपर्यंत हजर. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्रीत मालकाने भरलेली सोडल्याची तारीखही बघावी, तिथे भलतीच असेल तर तेही मालकाचंच लेखी म्हणणं झालं.

मालकाच्या बाजूने बघितलं तर, तोंडी सांगून झालं असेल तर नंतरचं पत्र रेकॉर्ड नीट करतं, पण चूक पुसत नाही. नोटीस आणि भरपाई कमी करतानाच द्यायची असते, त्यामुळे "10 तारखेला तोंडी कळवल्यानुसार" असं लिहिलेलं पत्र म्हणजे त्या दिवशी लेखी काही दिलं नव्हतं याची कबुलीच. समजदार मालक पत्राच्या तारखेनंतरची नवी तारीख धरतो, मधल्या दिवसांचा पगार देतो आणि भरपाई सोबत जोडतो. फाईलीत पत्र टाइप करून ठेवलं आणि पाठवलंच नाही तर उपयोग शून्य. पंजाब सरकारच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, बडतर्फीचा आदेश त्याला कळेपर्यंत लागू होत नाही.

जर्मनीत हा गुंता ठेवलेलाच नाही. तिथे मे 2000 पासून नोकरी संपवायला सहीचा कागदच लागतो, तोंडी काय किंवा ईमेलने काय, काढलं तर ते काढणंच ठरत नाही. ब्रिटनमध्ये तोंडी काढणं चालतं, पण पुरेशी वर्षं नोकरी झालेल्याने मागितलं तर 14 दिवसांत कारण लेखी द्यावं लागतं. आपल्याकडे मात्र गेटवरून परत आलेल्या माणसालाच पोस्टाची रांग लावावी लागते.