टॉवरच्या पायाचा वर्ग बदलून घ्यायचा अर्ज: कोणी करायचा, काय जोडायचे, कुठे अडते

पारेषण वाहिनीच्या कोपऱ्यावरचा टॉवर, म्हणजे टेन्शन टॉवर, जमिनीवर नुसता उभा नसतो. तारांची ओढ त्याला एका बाजूला खेचत असते, त्यामुळे चार पायांपैकी दोन जमिनीत रुततात आणि दोन वर उपटायला बघतात. उपटणाऱ्या पायाला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याच्यावरची माती. म्हणून कोणत्या जागी कोणत्या वर्गाचा पाया घालायचा याची मंजुरी हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा कागद ठरतो. खड्डा खणल्यावर जमीन वेगळीच निघाली, तर हा वर्ग बदलून घ्यावा लागतो. पुढची माहिती त्या अर्जाची आहे. नमुन्यांची नावे करारागणिक बदलतात, पण मागणी जवळपास हीच असते.

अर्ज कोणासाठी

अर्ज ठेकेदाराचा साइट अभियंता करतो आणि तो वाहिनीच्या मालक कंपनीच्या प्रभारी अभियंत्याकडे जातो. हा मार्ग फक्त तळाशी रुंद पॅड आणि त्यावर चिमणी नावाचा काँक्रीटचा खांब असलेल्या, उघड्या खड्ड्यात ओतायच्या पायांसाठी आहे. नदीपात्र, खाडी, पुराचे पाणी वेगाने जाणारी जागा इथे बोअर घेऊन स्वतंत्र डिझाइन करावे लागते. कठीण खडकात अँकर घालायचे असतील, तर अँकर ओढून पाहण्याची चाचणी लागते. या दोन्ही गोष्टी वर्ग बदलाच्या अर्जात बसत नाहीत. तसा अर्ज केला तर तो परत येतो आणि मधले दिवस वाया जातात.

अर्जाची वेळही ठरलेली आहे. चाचणी खड्डा पूर्ण खोलीपर्यंत खणून झाल्यावर आणि लीन काँक्रीट, म्हणजे तळाचा कमी सिमेंटचा थर, टाकण्यापूर्वी. एकदा तळाला लीन काँक्रीट पडले की खालची जमीन कोणालाच दिसत नाही आणि मंजुरी देणाऱ्याकडे नकाराशिवाय पर्याय राहत नाही.

वर्ग बदलला की नेमके काय बदलते

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे धरले आहेत. टॉवर २२० केव्ही दुहेरी सर्किटचा, १५ ते ३० अंशांच्या वळणावरचा, म्हणजे सी प्रकारचा. चार पाय एकमेकांपासून ७ मीटर अंतरावर. वारा आणि तारांची ओढ मिळून तळाशी ९१० टन-मीटर उलथवणारा मोमेंट येतो. तो दोन पायांच्या जोड्यांत वाटला जातो, म्हणून एका पायावर ९१० भागिले (२ × ७), म्हणजे ६५ टन. टॉवर आणि तारांचे वजन २० टन, त्यातले ५ टन या पायाच्या मदतीला येतात. उरली ६० टनांची उचल. वळणावर ही उचल बाहेरच्या बाजूच्या पायांवर येते आणि आतले पाय दबतात. तरीही चारही पाय सारखेच घालतात, कारण वाऱ्याची दिशा आणि तार तुटण्याची बाजू आपल्या हातात नसते.

पॅड २.४ मीटर चौरस आणि खोली ३ मीटर धरू. पाया उपटला जाताना पॅडच्या कडेपासून वर पसरत गेलेला मातीचा एक उलटा, छाटलेला पिरॅमिड सोबत उचलला जातो असे डिझाइनमध्ये धरतात. कोरड्या सामान्य जमिनीत त्याच्या बाजू उभ्या रेषेपासून ३० अंश बाहेर झुकतात, ओल्या जमिनीत १५ अंश, आणि काळ्या मातीत ० अंश, म्हणजे अजिबात नाही. h ही खोली, A1 हे पॅडचे क्षेत्रफळ आणि A2 हे पिरॅमिडच्या वरच्या तोंडाचे क्षेत्रफळ धरले की आकारमान असे निघते:

```
V = (h/3) × (A1 + A2 + √(A1 × A2))
```

कोरड्या जमिनीत वरची बाजू ५.८६ मीटर येते आणि आकारमान ५४.२ घनमीटर. त्यातले २.५ घनमीटर काँक्रीट वजा करून मातीचे वजन १४४० किलो प्रति घनमीटरने काढले आणि काँक्रीटचे २४०० ने मिळवले, की सुमारे ८० टन होतात. ६० टनांच्या उचलीला हे पुरते.

हाच पाया, त्याच मापाचा, पाणी वर येणाऱ्या जमिनीत गेला तर? कोन १५ अंश, माती ९४० किलो, काँक्रीट १४०० किलो, कारण पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तेवढे घटते. बेरीज ३१ टनांवर येते. आणि पाणी भरणाऱ्या काळ्या मातीत, कोन शून्य धरून, फक्त १७ टन. टॉवर तोच, खड्डा तेवढाच, सळई तेवढीच, आणि धरून ठेवणारी ताकद ८० वरून १७ टनांवर. अशा जमिनीत ६० टन पेलायचे तर ३ मीटर खोलीलाच पॅड साधारण ४.५ मीटर चौरस करावा लागतो.

काळ्या मातीत कोन शून्य का, हा प्रश्न साइटवर नेहमी विचारला जातो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पॅडच्या कडेपासून सरळ वर गेल्या की बाजूच्या मातीशी पकड राहत नाही. पॅडच्या डोक्यावर उभी असलेली माती तेवढी वजन म्हणून उरते.

डिझाइनमध्ये पाया एका बाजूला कलंडण्याचीही तपासणी असते. त्यात पाया पायथ्याच्या कडेवर नव्हे, तर कडेपासून रुंदीच्या एक षष्ठांश आत असलेल्या बिंदूवर कलतो असे मानतात आणि मातीच्या पिरॅमिडचा अर्धाच भाग विरोध करतो असे धरतात. म्हणून नुसती उचल तपासून पाया मोठा केल्याचे पत्र अपुरे मानले जाते.

जमीन कोणत्या वर्गात बसते

खड्ड्यात भूजल १.५ मीटर किंवा त्याहून खोल लागले तर वर्ग ओला. ०.७५ ते १.५ मीटरमध्ये असेल तर अंशतः बुडालेला. ०.७५ मीटरपेक्षा वर येत असेल तर पूर्ण बुडालेला. वरचा १.५ मीटरपर्यंतचाच थर काळ्या मातीचा आणि खाली चांगली जमीन असेल, तर अंशतः काळी माती. त्याहून जाड थर असेल तर पूर्ण काळी माती. रंगावर जाऊ नये. फुगणारी माती करड्या रंगाचीही असते. फुगण्याची चाचणी आयएस २७२० च्या भाग ४० प्रमाणे होते आणि फुगवट्याचा निर्देशांक ५० टक्क्यांच्या वर असेल तर माती फुगणारी धरतात.

बहुतेक चुका इथेच होतात, आणि त्या महिन्यामुळे होतात. खड्डा मे महिन्यात खणला की कोरडा निघतो. वर्ग मात्र जमिनीच्या सर्वांत वाईट अवस्थेवरून ठरवायचा असतो. आपल्या उदाहरणातल्या जागी १.८ मीटर काळी माती, खाली मुरूम, खड्ड्यात पाण्याचा टिपूस नाही. पण ४० मीटरवरच्या विहिरीच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे. शेतकऱ्याला 'भाद्रपदात पाणी कुठवर येतं?' एवढेच विचारले, तर तो तीच रेघ दाखवतो. ही जागा काळ्या मातीची आणि पूर्ण बुडालेली, कोरडी नव्हे.

कागदपत्रे

अर्जासोबत मंजूर प्रोफाइलची, म्हणजे वाहिनीच्या मार्गाच्या उंचसखल नकाशाची ती पट्टी लागते, जिच्यावर जागेचा क्रमांक, टॉवरचा प्रकार आणि वळणाचा कोन दिसतो. चारही खड्ड्यांची थरवार नोंद लागते. एका खड्ड्यावरून चार पायांचा निष्कर्ष चालत नाही, कारण उतारावर एक पाय मुरुमात आणि दुसरा काळ्या मातीत असू शकतो. खड्ड्याच्या भिंतीला लेव्हलिंग स्टाफ टेकवून काढलेले फोटो, प्रयोगशाळेचा माती अहवाल आणि जवळच्या विहिरीतल्या पाण्याची नोंद हेही जोडायचे.

याशिवाय एका पायावरच्या भारांचा तक्ता, मागितलेल्या वर्गाच्या मंजूर नकाशाचा क्रमांक आणि खोदाई, काँक्रीट व सळईच्या जुन्या-नव्या प्रमाणांची तुलना. ही तुलना बारकाईने तपासली जाते. वर्ग वाढला की बिल वाढते, म्हणून मालकाच्या बाजूला प्रत्येक अर्ज संशयाने पाहिला जातो. फोटो आणि विहिरीची नोंद नीट असेल तर तो संशय पहिल्याच भेटीत मिटतो.

त्यानंतर संयुक्त पाहणी होते. दोन्ही बाजूंचे अभियंते खड्ड्यापाशी येऊन नोंदीवर सही करतात. पाहणीपर्यंत खड्डा उघडा ठेवायचा, पण पावसाचे पाणी आत शिरू द्यायचे नाही. मऊ पडलेला तळ खरवडून काढावा लागतो आणि खोली पुन्हा मोजावी लागते.

मंजुरीनंतर काँक्रीट ओतण्याची परवानगी

वर्ग मंजूर झाला म्हणजे ओतायची परवानगी मिळाली असे नाही. ती ओतायच्या दिवशीच, खड्ड्यात सळई आणि स्टब, म्हणजे काँक्रीटमध्ये गाडायचा टॉवरच्या पायाचा खालचा तुकडा, बसवल्यावर मिळते. उचलीच्या पायात तपासणाऱ्याने तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

पहिली, पॅडच्या वरच्या थरातली सळई. पाया दबतो तेव्हा पॅड खालून वाकतो. उपटला जातो तेव्हा वरची माती त्याला दाबते आणि ताण वरच्या बाजूला येतो. वरची जाळी वाकवलेल्या सळयांच्या खुर्च्यांवर उचलून बांधलेली नसेल, तर ओतताना माणसे तिच्यावर चालतात, ती मध्यावर बसते आणि तिचा उपयोग संपतो.

दुसरी, स्टबच्या क्लीट, म्हणजे त्याला बोल्टने जोडलेले लोखंडी तुकडे. स्टबमधून काँक्रीटमध्ये उचल जाते ती पकडीतून आणि या क्लीटमधून. एखादी क्लीट किंवा तिचे बोल्ट कमी असतील तर काँक्रीट जागेवर राहते आणि स्टबच सरकतो. चिमणीच्या सळया पॅडच्या तळापर्यंत नेऊन वाकवलेल्या असायला हव्यात. पॅडच्या माथ्यावर थांबलेली सळई उचलीत काहीच करत नाही.

तिसरी, टेम्प्लेट, म्हणजे चारही स्टब जागेवर धरून ठेवणारा सांगाडा. चारही स्टबची पातळी, बाजू आणि दोन्ही कर्ण ओतण्याआधी आणि ओतल्यावर लगेच मोजून पायाच्या नोंदकार्डावर लिहायचे. टेम्प्लेट काँक्रीट घट्ट होण्याआधी काढला तर स्टब हलतो, आणि हे टॉवर चढवताना जाळीचे बोल्ट लागेनासे झाल्यावरच कळते.

काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब आयएस ४५६ प्रमाणे घ्यायचे: ५ घनमीटरपर्यंतच्या ओतणीला एक नमुना, म्हणजे तीन क्यूब.

भरावाची नोंद

ज्या मातीच्या वजनावर सारा हिशेब उभा आहे, ती खणून काढून पुन्हा भरलेली माती असते. म्हणून भराव हा पायाचाच भाग धरून कार्डावर त्याचा स्वतंत्र रकाना ठेवतात. थर पातळ, पाणी शिंपडून, प्रत्येक थर ठोकून. ढेकळे जेसीबीने ढकलून वरून चाक फिरवले तर आत पोकळ्या राहतात आणि पहिल्या पावसात चिमणीभोवती खोलगट वर्तुळ दिसते. असे वर्तुळ दिसले की भराव उकरून पुन्हा ठोकायचा. वरून माती टाकून ते झाकू नये. काळ्या मातीच्या जागी बाहेरून आणलेला न फुगणारा मुरूम भरायचा असेल, तर त्याचे घनमीटर अर्जातच लिहावे, नंतर त्याचे बिल मिळत नाही.

टेन्शन टॉवरवर खरी उचल तार ओढण्याच्या दिवशी येते, आणि एकाच बाजूची तार आधी ओढली तर ती सर्वांत वाईट दिशेने येते. म्हणून तार ओढण्याच्या परवानगीला २८ दिवसांच्या क्यूबचा निकाल, भरावाची सही आणि चारही चिमण्यांभोवतीचे ताजे फोटो जोडायचे असतात.