एफडीची मुदत पुढच्या वर्षात जाते, तेव्हा टीडीएस कुठे कापला जातो?

पावतीवर छापलेली मुदतपूर्तीची रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम जुळत नाही, अशी तक्रार रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत बँकेच्या काउंटरवर नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा गणित बरोबर असतं, घोळ टीडीएस कापू नये म्हणून दिलेल्या फॉर्मच्या वर्षात असतो.

समजा केळीच्या पैशातून १ ऑक्टोबर २०२४ रोजी १६ लाखांची एक वर्षाची क्युम्युलेटिव्ह एफडी केली, दर ७ टक्के. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं, म्हणून ७ ला ४ ने भागायचं. तिमाहीचा दर येतो १.७५ टक्के. आता १.०१७५ ने चार वेळा गुणा: १६,००,००० चे १७,१४,९७४ होतात. सरळव्याजाने १७,१२,००० झाले असते.

पण आयकर खातं एफडीचं वर्ष बघत नाही, एप्रिल ते मार्च बघतं. ३१ मार्च २०२५ पर्यंत ५६,४९० रुपये व्याज झालं, उरलेल्या सहा महिन्यांत ५८,४८४. पैसे हातात आले नसले तरी जमलेल्या व्याजावर बँक टीडीएस कापते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. आपल्याला कर लागत नाही, टीडीएस कापू नका, असं सांगणारा ऑक्टोबरमध्ये दिलेला फॉर्म १५जी (साठीच्या पुढच्यांना १५एच) फक्त त्याच आर्थिक वर्षापुरता, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालतो. एप्रिलमध्ये नवा द्यावा लागतो. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही, वर "फॉर्म दिला होता ना?" असं तुम्हालाच विचारतात! नवा फॉर्म न दिल्यास एप्रिलनंतरच्या सहा महिन्यांच्या व्याजावर १० टक्के, म्हणजे ५,८४८ रुपये कापले जातात आणि हातात १७,०९,१२६ येतात. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी जोडलेला नसल्याने बंद पडला असेल, तर कपात २० टक्के. पॅनशिवाय फॉर्म दिला तरी उपयोग नाही.

१ एप्रिल २०२५ पासून टीडीएस न कापता मिळणाऱ्या बँकेतल्या व्याजाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये झाली, ज्येष्ठांना एक लाख. ही मर्यादा त्या बँकेच्या सगळ्या शाखांची मिळून धरतात. रावेरला आठ लाख आणि भुसावळला आठ लाख ठेवून काही वाचत नाही, बँक एकच असेल तर.

फॉर्म मात्र सरसकट भरू नका. वर्षाचा एकूण कर शून्य येत असेल, तरच तो चालतो. १५जीला आणखी एक अट आहे: सगळीकडचं मिळून असं व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत हवं. खोटं लिहून दिलं तर कायद्याने गुन्हा आहे, हे फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात असतं. फॉर्म दिल्यावर पोचपावती घ्या आणि तिच्यावरचं आर्थिक वर्ष तिथेच वाचा.

एकदा सरकारजमा झालेला टीडीएस शाखा व्यवस्थापक परत देऊ शकत नाही, त्याच्याशी भांडून फायदा नाही. तुमच्या नावावर कापलेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या २६एएस या पत्रकात ती रक्कम दिसते का बघा आणि त्या वर्षाचं रिटर्न भरून परतावा मागा. वरच्या उदाहरणात कपात २०२५-२६ ची आहे, म्हणून रिटर्नही त्याच वर्षाचं लागतं.