बारावीचे गुण आणि मर्चंट नेव्हीचा प्रवेश: साठ टक्के नेमके कशाचे?

(आमच्या केंद्रात फॉर्म भरायला येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि पालकांसाठी)

दाभोळपासून देवगडपर्यंत आमच्याकडे येणाऱ्या घरांत कुणी ना कुणी बोटीवर असतो. त्यामुळे बारावी सायन्सचा निकाल लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सत्तर टक्के पडलेत, बोटीवरच्या कोर्सला चालतील ना?” या प्रश्नाचं उत्तर एकूण टक्क्यांवरून देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक काढलं आहे. शक्य असेल तर निकालानंतर नाही, बारावीच्या सुरुवातीलाच वाचा.

डेक अधिकारी व्हायचं तर एक वर्षाचा डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स किंवा तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स. इंजिनरूमकडे जायचं तर चार वर्षांचं बीटेक मरीन इंजिनिअरिंग. या तिन्हींना बारावीतून येणाऱ्यांसाठी नौवहन महासंचालनालयाच्या दोन अटी आहेत. फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स या तीन विषयांची मिळून सरासरी किमान 60 टक्के हवी. आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला किमान 50 टक्के हवेत. इंग्रजीच्या अटीत “किंवा” आहे, हे विसरू नका. बारावीला इंग्रजीत 46 पडले पण दहावीला 58 होते, तर ती अट पूर्ण होते. उगाच धीर सोडू नका, दहावीची गुणपत्रिका काढून बघा.

खरी अडचण पहिल्या अटीत होते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेत हे तीन विषय प्रत्येकी 100 गुणांचे, म्हणजे एकूण 300. त्याचे 60 टक्के म्हणजे 180. हा 180 चा आकडा लक्षात ठेवा, कारण बाकीचा हिशोब त्याच्याभोवतीच फिरतो. फिजिक्समध्ये 50 पडून मॅथ्समध्ये 72 असले तरी चालतं, तिघांची बेरीज 180 झाली पाहिजे. बायोलॉजी, मराठी, इंग्रजी यातलं काहीच या बेरजेत धरत नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत बायफोकलवाल्यांची होते. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की तो विषय 200 गुणांचा असतो, त्यात गुण भरभरून मिळतात आणि एकूण टक्के फुगतात. एक नमुना मांडतो. इंग्रजी 62, फिजिक्स 54, केमिस्ट्री 56, मॅथ्स 69, कॉम्प्युटर सायन्स 178. एकूण 600 पैकी 419, म्हणजे 69.83 टक्के. घरात पेढे वाटले जातात. आता फक्त तीन विषय घ्या: 54, 56 आणि 69 मिळून 179. टक्केवारी 59.67. एका गुणाने प्रवेश हुकतो! “59.67 म्हणजे साठच की” असं समजून पुढे जाऊ नका, 179 म्हणजे 180 नव्हे. बायफोकल घेऊच नका असं आमचं म्हणणं नाही, इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याचा उपयोग होतो. पण बोटीवर जायचं ठरलं असेल तर त्या 200 गुणांच्या भरवशावर फिजिक्सकडे दुर्लक्ष करू नका.

परीक्षेआधी हिशोब असा करा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला प्रत्येकी 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिक, मॅथ्सला 80 लेखी आणि 20 प्रात्यक्षिक. म्हणजे तिन्ही विषयांत मिळून 80 गुण प्रात्यक्षिकाचे आणि 220 लेखीचे. समजा प्रात्यक्षिकात 29, 28 आणि 19 मिळाले, तर 76 गुण हातात आले. उरले 104. लेखीच्या 220 पैकी 104 म्हणजे निम्म्याहूनही कमी! फिजिक्स जड जात असेल तर तिथे 25, केमिस्ट्रीत 35 आणि मॅथ्समध्ये 44 असं विभागूनही 104 होतात. साठ टक्क्यांचं नाव ऐकून घाबरलेली मुलं हा हिशोब कागदावर मांडला की सावरतात, हे आम्ही दर वर्षी बघतो.

पण प्रात्यक्षिकाचे गुण निकालाआधी अधिकृतपणे कळत नाहीत. “सरांनी पैकीच्या पैकी दिलेत” ही कॉलेजच्या व्हरांड्यातली बातमी असते. म्हणून आम्ही हिशोब करताना प्रात्यक्षिकाचे 25, 25 आणि 16, म्हणजे 66 च धरायला सांगतो. मग लेखीत 114 हवेत. म्हणजे दहा गुण जास्त, आणि तयारी या आकड्याची करा. आकडेमोडीत एखादं उदाहरण चुकलं किंवा फिजिक्सचा पेपर लांबला, तरी हे दहा गुण सांभाळून घेतात.

दुसरी गफलत प्रवेश परीक्षेची. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी बारावीचा निकाल हातात नसतानाही देता येते. मुलं ती देतात, चांगला रँकही येतो आणि घरचे निर्धास्त होतात. परंतु सीईटीचे गुण 180 ची जागा भरून काढत नाहीत. कागदपत्रं तपासताना गुणपत्रिका बघतातच, आणि तिथे 179 असेल तर चांगल्या रँकचाही उपयोग होत नाही.

थोडक्यात हुकलं तर काय? निकालानंतर बोर्डाकडे दोन वाटा असतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकनासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावीच लागते. आमचा सल्ला: एक ते चार गुण कमी असतील तर छायाप्रत मागवा, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा आणि त्यांना गुण वाढण्यासारखं काही दिसलं तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत छायाप्रत हातात पडल्यापासून मोजली जाते आणि ती थोड्याच दिवसांची असते, म्हणून छायाप्रत आली की त्याच दिवशी शिक्षकांना गाठा. 165 च्या आसपास असाल तर या वाटेवर पैसे घालवू नका. तुमच्यासाठी श्रेणीसुधार योजना आहे. सगळ्या विषयांत पास झालेल्याला लगतच्या तीन परीक्षांत पुन्हा बसता येतं, त्यातली पहिली बहुधा जून-जुलैची पुरवणी परीक्षा. पुरवणीचा निकाल लागेपर्यंत त्या वर्षीच्या जागा भरून गेलेल्या असू शकतात, तेव्हा पुढच्या वर्षीची तयारी धरूनच हा निर्णय घ्या.

ज्यांना खलाशी म्हणून लवकर सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. त्याला दहावीला एकूण 40 टक्के आणि इंग्रजीत 40 टक्के लागतात. बारावीचे 180 तिथे विचारत नाहीत.

एक कळकळीची विनंती. “गुण कमी असले तरी आम्ही बसवून देतो” असं सांगून आगाऊ रक्कम मागणारे लोक गावोगाव फिरतात. अट सरकारी आहे, ती कुणाच्या ओळखीने सैल होत नाही. पैसे देण्याआधी ती संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवर बघा. स्वतः बघता येत नसेल तर आमच्याकडे या, समोर बसून उघडून दाखवू. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

येताना दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका आणा. राखीव प्रवर्गातले असाल तर जातीचा दाखलाही आणा. सवलत कुणाला आणि किती, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, ते पान तुमच्यासमोर वाचून मगच फॉर्म भरू.