आधी काम, मग तारीख: ईमेलच्या विषयाची ओळ

मार्च महिन्यात लेखा विभागातून हमखास निघणारा एक ईमेल घेऊ. त्याचा विषय असा: ‘सन २०२५-२६ या आर्थिक वर्षातील प्रकल्प खर्चाची प्रलंबित बिले लेखा विभागाकडे सादर करणेबाबत’. कार्यालयीन पत्र म्हणून ही ओळ निर्दोष आहे. पण तो ज्याला मिळतो, तो प्रकल्प प्रमुख साइटवर उभा राहून फोनवर इनबॉक्स चाळतो आहे. त्याला दिसते ते एवढेच: ‘सन २०२५-२६ या आर्थिक वर्षातील प्रकल्प ख…’. बिले मागवली आहेत, मंजूर झाली आहेत की परत पाठवली आहेत? तिन्ही ईमेलांची सुरुवात अगदी सारखी असू शकते. फरक शेवटच्या दोन शब्दांत आहे आणि नेमके तेच पडद्याबाहेर गेले आहेत.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘मिळणेबाबत’, ‘सादर करणेबाबत’, ‘मुदतवाढ देणेबाबत’ या घडणीत पत्राचा हेतू ओळीच्या टोकाला बसतो. कागदावर त्याने काही बिघडत नाही, कारण पूर्ण ओळ एका नजरेत येते. इनबॉक्सची यादी मात्र ओळ उजवीकडून कापते. फोनच्या एका ओळीत साधारण तीस-चाळीस अक्षरे मावतात. फोन, अ‍ॅप आणि अक्षरांचा आकार यांनुसार थोडी कमी-जास्त. कागदी पत्राची सवय आपण ईमेलमध्ये जशीच्या तशी आणली, की सर्वांत कामाचा शब्द सर्वांत आधी कापला जातो.

विषयाची ओळ जवळपास ईमेलइतकीच जुनी म्हणावी लागेल. १९७३ मध्ये इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या संदेशांना कोणते मथळे असावेत हे ठरवणारा ‘आरएफसी ५६१’ हा दस्तऐवज निघाला. पाठवणारा, विषय आणि तारीख हे मथळे त्यात होते. त्याच्या चार लेखकांत कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण होते. तांत्रिकदृष्ट्या विषय कितीही लांबवता येतो. अडचण वाचणाऱ्याच्या पडद्याची आहे आणि त्याहून अधिक त्याच्या वेळेची.

तो वेळ कसा खर्च होतो यावर अभ्यास झाले आहेत. स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की लोक इनबॉक्स फक्त पत्रपेटी म्हणून वापरत नाहीत. करायच्या कामांची यादी म्हणूनही वापरतात. ईमेल एकदा वाचतात, ‘नंतर करू’ म्हणून तिथेच ठेवतात आणि पुढे यादीवर नजर फिरवताना तो पुन्हा दिसेल अशी आशा करतात. म्हणजे विषयाची ओळ दोनदा कामी येते: एकदा उघडायचे की नाही हे ठरवताना आणि नंतर आठवण म्हणून. ‘बिलांबाबत’ ही ओळ दुसऱ्या वेळी काहीच आठवून देत नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली. मोघम विषय पाहून उत्सुकता चाळवते आणि माणूस ईमेल उघडतो, हे खरे आहे का? हाताशी वेळ असेल तेव्हा असे होते, असे त्यांना आढळले. कामाचा ताण असेल तेव्हा मात्र ईमेल किती उपयोगाचा आहे यावरच लक्ष जाते. मुदतीचे ईमेल ताणाच्या दिवसांतच जातात, म्हणून ‘एक महत्त्वाची सूचना’ हा मथळा त्या दिवसांत सर्वांत दुबळा ठरतो.

आता लेखा विभागाची ओळ पुन्हा लिहू. पहिला प्रश्न: वाचणाऱ्याने काय करायचे? बिले पाठवायची. दुसरा: कधीपर्यंत? वर्ष ३१ मार्चला संपते, पण तपासणीला वेळ हवा, म्हणून विभागाला ती २५ तारखेला हवीत. तिसरा: कशाची बिले? तिन्ही उत्तरे या क्रमाने मांडली की ओळ होते:

‘बिले पाठवा, बुध. २५ मार्च दु. ४ पर्यंत: २०२५-२६ प्रकल्प खर्च’

फोनने ही ओळ ‘पर्यंत’च्या पुढे कापली तरी काम आणि मुदत शाबूत राहतात. उरलेला तपशील मजकुराच्या पहिल्या वाक्यात जावा. बहुतेक अ‍ॅप ते वाक्य विषयाखाली फिक्या अक्षरांत दाखवतात. ती मोक्याची जागा ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ या वाक्याला देऊ नये. मुदत का पाळायची, तेही तिथेच सांगावे: ‘२५ नंतर आलेली बिले पुढील वर्षाच्या खर्चात धरली जातील.’

सगळ्याच ईमेलांना मुदत नसते आणि तेही सांगायला हवे. ‘फक्त माहितीसाठी: प्रवास भत्त्याचे नवे दर’ एवढे वाचले की माणूस निर्धास्तपणे ते संध्याकाळवर टाकू शकतो. अमेरिकी सैन्यात विषयाच्या सुरुवातीला कृती, निर्णय, सही किंवा माहिती अशा अर्थाचा एक शब्द लिहिण्याची पद्धत रुजली आहे, ती याच कारणाने. आपल्याकडे त्याऐवजी ‘तातडीचे’ लिहितात. माझ्या मते तो शब्द टाकूनच द्यावा. तो पाठवणाऱ्याची घाई सांगतो, वाचणाऱ्याचे काम नाही. आठवड्यात पाच ईमेल तातडीचे आले की सहावा कुणी तातडीचा मानत नाही.

तारीख लिहिण्यात काही खाचखळगे आहेत. ‘उद्यापर्यंत’ हा शब्द ईमेल कधी वाचला यावर अवलंबून राहतो. रात्री पाठवलेला ईमेल सकाळी उघडला की मुदत आपोआप एक दिवस पुढे सरकते. ‘०३/०४’ ही आपल्याकडे ३ एप्रिल, पण अमेरिकेत ४ मार्च. महिना अक्षरांत लिहिला की हा घोळ मिटतो, आणि वार जोडला की तारखेतली चूक लगेच पकडता येते. ‘शुक्रवारी दिवसअखेर’ हेही असेच फसवे आहे. न्यू जर्सीतला सहकारी शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता फाइल पाठवतो, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात शनिवारचे पहाटेचे २:३० आणि हिवाळ्यात ३:३० वाजलेले असतात. त्याने मुदत पाळली, तुमच्या मते चुकवली. म्हणून वेळ लिहावी आणि कुठली तेही: ‘सायं. ५, भारतीय वेळ’.

सर्वांत जास्त गोंधळ मुदत बदलल्यावर होतो. २५ ऐवजी २८ मार्च ठरले आणि तुम्ही जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून ते कळवले, तर वरची ओळ २५ मार्चच दाखवत राहते आणि मजकूर २८ म्हणतो. अशा वेळी विषय बदलावा: ‘मुदत वाढली, शनि. २८ मार्च दु. ४: प्रकल्प खर्चाची बिले’. जीमेलमध्ये विषय बदलला की वेगळा संवाद सुरू होतो, मागचा धागा तुटतो. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘२५ मार्चची आधीची मुदत रद्द’ असे स्पष्ट लिहावे.

विषयाच्या ओळीत काय नसावे, यालाही एक ठोस कारण आहे. ती लॉक केलेल्या फोनच्या पडद्यावरही सूचनेत झळकते, शेजारच्यालाही दिसते. शिवाय ईमेल कूटबद्ध करण्याच्या नेहमीच्या पद्धतींत मजकूर झाकला जातो, विषय सहसा उघडाच राहतो. रुग्णाचे नाव, पगाराचा आकडा, कुणावरच्या कारवाईची बाब तिथे नको. ‘सही हवी, सोम. ६ एप्रिल स. ११ पर्यंत: सोबतचा अर्ज’ एवढे पुरते.

ओळ जमली की नाही हे पाठवण्याआधी पाहता येते. ईमेल स्वतःला पाठवा, फोनवर यादीत पाहा आणि न उघडता सहकाऱ्याला विचारा: काय करायचे, कधीपर्यंत? पाठवल्यानंतरची खूण उत्तरांत सापडते. ‘हे कधीपर्यंत हवे आहे?’ असे दोघा-तिघांनी विचारले, तर मुदत मजकुरात असूनही वरच्या ओळीत पोचलेली नाही.