मोरॅटोरियम आणि रिस्ट्रक्चरिंग: पुरानंतर बँकेकडे नक्की काय मागायचं

25 जुलै 2024 ला पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा माझ्या मावसभावाचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान बुडालं. दोन मशीन गाळात आणि कर्ज तर चालूच. तो बँकेत फोन करून म्हणाला, "सर, हप्त्याचं काहीतरी बघा ना", तिकडून उत्तर आलं, "हो हो, बघू, तीन महिने थांबू." हा निर्धास्त झाला. 5 ऑगस्टला नॅचचं, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापणारं, डेबिट नेहमीसारखंच आलं, खात्यात पैसे नव्हते, बाऊन्स झालं, चार्ज लागला आणि वर खातं थकलेलं दिसायला लागलं.

चूक एवढीच की "काहीतरी बघा" म्हणजे काय हे त्यालाही माहीत नव्हतं आणि समोरच्यानेही विचारलं नाही. मागण्यासारख्या गोष्टी दोन असतात, लोक दोन्हीला सरसकट "सवलत" म्हणतात, पण खिशावर त्यांचा परिणाम वेगळा होतो.

मोरॅटोरियम म्हणजे काही महिने हप्ता भरायचा नाही, एवढंच. व्याज मात्र थांबत नाही हो, ते रोज चढतच असतं, आणि बहुतेक वेळा शेवटी मुद्दलात मिळवलं जातं. (कोविडमध्ये 2020 ला हेच झालं होतं, तेव्हाही कित्येकांनी ती माफी समजली.) समजा 10 लाख शिल्लक आहेत, व्याज 12 टक्के, 60 हप्ते राहिलेत, म्हणजे हप्ता साधारण 22,244. तीन महिने थांबलात की शिल्लक 10 लाख 30 हजार होते. हप्ता तोच ठेवला तर 60 ऐवजी 62-63 हप्ते भरावे लागतात, म्हणजे एकूण सुमारे 56 हजार जास्त.

रिस्ट्रक्चरिंगमध्ये कर्जाची अटच बदलते. तेच 10 लाख 60 ऐवजी 84 महिन्यांवर पसरवले की हप्ता साधारण 17,650 वर येतो, दर महिन्याला साडेचार हजारांची सुटका. पण शेवटपर्यंत भरलंत तर जास्तीचे जातात जवळपास 1 लाख 48 हजार. शिवाय क्रेडिट रिपोर्टवर रिस्ट्रक्चर्ड असा शेरा येऊ शकतो, पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की समोरचा तो वाचतो, त्यामुळे सही करायच्या आधी "रिपोर्टला काय जाणार" हे विचाराच.

मग कुठलं मागायचं? माझ्या मते धंदा परत कधी उभा राहणार हे आधी बघावं. मशीन दोन महिन्यांत दुरुस्त होऊन येणार असेल आणि गिऱ्हाईक तेच असेल तर मोरॅटोरियम पुरे. पण जागाच गेली, महिन्याची कमाईच कायमची खाली आली, तर तीन महिन्यांनी तोच 22 हजारांचा हप्ता दारात उभा राहणार आणि तेव्हा पुन्हा थकणार, अशा वेळी मोरॅटोरियम घेणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं.

एक गोष्ट दोन्हीत सारखी आणि फार महत्त्वाची: आपत्तीच्या दिवशी खातं थकलेलं होतं की नाही. आरबीआयच्या 2018 च्या नैसर्गिक आपत्तीच्या निर्देशांत आधीच थकलेली कर्जं पुनर्रचनेतून बाजूला ठेवलेली होती, म्हणून अर्जाला पुराच्या तारखेपर्यंतचं लोन स्टेटमेंट जोडा, त्यात "बघा, 25 जुलैपर्यंत सगळं रेग्युलर आहे" हे दिसतं. सोबत पंचनाम्याची कॉपी, आणि पाण्याची रेघ भिंतीवर दिसतेय असे फोटो.

अर्ज लेखी द्या, ब्रँचचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या, मेलही करा. हप्त्याच्या आदल्या दिवशी पळून उपयोग नाही, नॅचची फाइल आधीच पुढे गेलेली असते. आणि मंजुरी मिळाली म्हणजे काय, तर हातात पत्र आणि नवीन रिपेमेंट शेड्यूल, फोनवरचा होकार नव्हे. लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं.

भावाने शेवटी मोरॅटोरियमच घेतलं, कारण मशीनवाला दीड महिन्यात देतो म्हणाला होता. ऑगस्टचा थकलेला हप्ता मावशीकडून पैसे घेऊन आधी भरला, मग लेखी अर्ज दिला, सप्टेंबर ते नोव्हेंबर सुटले. शेड्यूल हातात आल्यावर त्याने पहिली गोष्ट बघितली ती पुढच्या हप्त्याची तारीख, 5 डिसेंबर, आणि ती दुकानातल्या नव्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवली, कारण जुनं कॅलेंडर पाण्यात गेलं होतं.