कुलूपबंद रकान्यात नाव शोधायचं कसं?

लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या कामात मी होतो. खातेदार सुमारे दोन लाख. नाव, मोबाईल आणि आधार हे रकाने आम्ही एन्क्रिप्ट केले होते, म्हणजे बॅकअपची फाईल कुणी पळवलीच तर त्याच्या हाती नुसती अगम्य अक्षरं लागावीत. पहिल्याच आठवड्यात काउंटरवरून फोन आला, "सर, मावशी समोर उभ्या आहेत, पासबुक बी हाय, पण सर्च खातं दाखवंना." मावशींचं आडनाव कुऱ्हाडे. चूक आमचीच होती, पण ती कळायला शोध कसा चालतो ते आधी सांगावं लागेल.

रकाना एन्क्रिप्ट करायला आम्ही एईएस-जीसीएम ही पद्धत वापरली. ती प्रत्येक नोंदीत एक नवा आकडा मिसळते, त्यामुळे एकच मोबाईल नंबर दोनदा साठवला तर दोन वेगळेच सांकेतिक मजकूर तयार होतात. चोराला दोन नोंदी सारख्या आहेत की नाहीत हेही कळत नाही. पण डेटाबेसलाही कळत नाही! एक नंबर शोधायचा तर दोन लाख नोंदी उलगडून बघाव्या लागतात.

यावरचा उपाय म्हणजे ब्लाइंड इंडेक्स. मूळ रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवायचा आणि त्यात एका गुप्त किल्लीने काढलेला नंबरचा ठसा लिहायचा. तोच नंबर, तीच किल्ली, की ठसाही तोच. शोधताना काउंटरवर टाइप झालेल्या नंबरचा ठसा काढायचा आणि तो जुळवायचा:

```sql
SELECT id, mobile_enc FROM khatedar
WHERE mobile_bidx = ?;
```

किल्लीशिवाय नुसता एसएचए-२५६ हॅश का नाही? कारण आपले मोबाईल नंबर ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात आणि दहा आकडी असतात, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. गेम खेळायच्या एखाद्या चांगल्या ग्राफिक्स कार्डावर तेवढे हॅश काही सेकंदांत निघतात आणि सगळे नंबर उघडे पडतात. म्हणून एचमॅक, म्हणजे किल्ली घालून काढलेला हॅश. ही किल्ली एन्क्रिप्शनच्या किल्लीपेक्षा वेगळी असावी आणि डेटाबेसच्या बाहेर राहावी.

आता मावशींचं खातं. ठशाला "जवळपास सारखं" हा प्रकार माहीत नाही. एक बाइट बदलला की सगळा ठसा बदलतो. कुऱ्हाडे मधला "ऱ्ह" युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. नोंदणीच्या संगणकावर एक कीबोर्ड होता, काउंटरवर दुसरा. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हे दोन प्रकार एक करत नाही. ठसा काढण्याआधी आम्हाला स्वतःच नियम लावावा लागला: आधी र, हलन्त, जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त, मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. क्रम उलटा केला तर "ऱ्ह" चा "र्ह" होऊन बसतो. मोबाईलच्या बाबतीतही असंच: +९१, मधली जागा, देवनागरी अंक हे सगळं आधी एकसारखं करायचं. नियम बदलल्यावर जुने ठसे निकामी झाले, आणि सगळ्या नोंदी एकदा उलगडून नवे ठसे लिहावे लागले.

ठशाची खरी किंमत मात्र वेगळीच आहे. सारख्या नोंदी तो सारख्या दाखवतो. मोबाईल बहुतेकांचा वेगळा असतो, तिथे फारसं काही फुटत नाही. पण तालुक्याच्या रकान्याला ठसा लावला तर? लातूर जिल्ह्यात तालुके १०. ठसेही १०. ज्याची संख्या सगळ्यात जास्त तो लातूर तालुका असणार, हे किल्ली नसलेला माणूसही ताडेल. आडनावांचंही तेच होईल, जाधव-पवार लगेच ओळखू येतील. म्हणून आम्ही आडनावाचा वेगळा ठसा ठेवला नाही, पूर्ण नावाचाच ठेवला. ठसा तोडून १६ बिटांचा केला तर ६५,५३६ खणच राहतात. मग नाव शोधल्यावर हवी ती नोंद आणि सोबत सरासरी तीन परक्या नोंदी येतात, त्या उलगडून गाळायच्या. याने वेगवेगळी नावं एका खणात मिसळतात आणि चोराचा अंदाज ढळतो. मात्र तालुक्यासारख्या रकान्याला त्याचा उपयोग नाही, तिथली गर्दी तशीच दिसते.

आधारसाठी आम्ही टोकन घेतलं. यूआयडीएआयने २०१७ मध्ये आधार नंबर वेगळ्या तिजोरीत ठेवून बाकी ठिकाणी संदर्भ-क्रमांक वापरायला सांगितलं, ती हीच पद्धत. टोकन हा गणिताने न काढलेला, नुसता नेमून दिलेला क्रमांक असतो. त्यामुळे मुख्य डेटाबेस पूर्ण चोरीला गेला तरी त्यातून आधार काढता येत नाही, आणि टोकनवर साधा इंडेक्स लावून शोधही झटपट होतो. बदल्यात आधारवरून होणारी प्रत्येक चौकशी तिजोरीपर्यंत जाते. ती बंद पडली की असं काम अडतं.

आणि तिजोरीलाही एक प्रश्न सुटत नाही. मावशींनी पुन्हा आधार दिलं, तर त्यांचं टोकन आधीच आहे का, हे तिला आतल्या एन्क्रिप्टेड रकान्यातच शोधावं लागतं. आमच्या तिजोरीत त्यासाठी ब्लाइंड इंडेक्सच आहे, वेगळ्या किल्लीचा.